पंधरा वर्षं जिंकलेला माणूस हुशार असण्याची शक्यता

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या लेग मेसन या कंपनीचा ‘व्हॅल्यू ट्रस्ट’ नावाचा म्युच्युअल फंड होता. २००५ साल संपलं तेव्हा त्या फंडाचा वर्षभराचा परतावा भरला ५.३ टक्के. त्याच वर्षी एस अँड पी ५०० या निर्देशांकाने लाभांश धरून दिले ४.९ टक्के. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. बँकेच्या मुदत ठेवीवर एवढा फरक असता तर कुणी दुसऱ्या शाखेपर्यंत चालत गेलं नसतं. पण या चिमूटभर फरकाने फंडाचे मॅनेजर बिल मिलर शेअर बाजाराच्या इतिहासात जाऊन बसले, कारण निर्देशांकाला मागे टाकण्याचं त्यांचं हे सलग पंधरावं वर्ष होतं. १९९१ ते २००५, मध्ये एकही वर्ष चुकलं नाही. मॉर्निंगस्टार या संस्थेने त्यांना नव्वदच्या दशकाचा सर्वोत्तम फंड मॅनेजर ठरवलं होतं, ते तर आधीच.

आता प्रश्न साधा आहे. हा माणूस खरोखर कसबी होता, की नशीबवान?

या प्रश्नावर त्या काळात भरपूर शाई सांडली आणि दोन आकडे पुढे आले. पहिला आकडा मिलरच्या चाहत्यांचा. ते म्हणाले, समजा कसब बिसब काही नसतं आणि दरवर्षी निर्देशांकाला हरवणं हा निव्वळ छापा-काटा असतो. मग सलग पंधरा वेळा छापा पडण्याची शक्यता किती? ३२,७६८ मध्ये एक. एवढा योगायोग कसा असेल, तेव्हा हे कसबच. दुसरा आकडा शंकेखोरांचा. भौतिकशास्त्रज्ञ लेनर्ड म्लोडिनोव यांनी २००८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात दाखवलं की फंड मॅनेजर हजारो असतात आणि आपण नजर टाकतो ती चार-चार दशकांवर. एवढ्या सगळ्यांनी निव्वळ नाणी उडवली तरी कुणा ना कुणाच्या नावावर कधी ना कधी अशी पंधरा वर्षांची मालिका लागण्याची शक्यता चारात तीन इतकी निघते. मग नवल कसलं?

दोन्ही आकडेमोडी आपापल्या जागी बरोबर आहेत. गंमत अशी की आपल्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींत नाही. दोघंही एकाच गृहीतकापासून सुरुवात करतात: ‘सगळं नशीब आहे असं धरलं तर हे घडण्याची शक्यता किती?’ आपला प्रश्न उलटा आहे. ‘हे घडलं आहे. मग हे नशीब असण्याची शक्यता किती?’ वाक्यं जुळी वाटतात, पण पहिल्यातून दुसऱ्याकडे सरळ उडी मारता येत नाही. मध्ये एक पायरी लागते. ती पायरी थॉमस बेझ नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या कागदपत्रांत त्याच्या मृत्यूनंतर सापडली आणि त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने ती १७६३ साली प्रसिद्ध करवली.

पायरी चढायला बीजगणित लागत नाही, एक गर्दी डोळ्यांपुढे आणली की पुरे. एक हजार फंड मॅनेजर घेऊ. त्यातले ५० जण खरे कसबी आहेत असं तात्पुरतं धरू, म्हणजे शंभरात पाच. उरलेले ९५० शिकलेले, कष्टाळू, सुटाबुटातले आहेत, पण बाजाराच्या पुढे जाण्याची हातोटी त्यांच्याकडे नाही. त्यांचं प्रत्येक वर्ष म्हणजे नाणं: जिंकण्याची शक्यता १०० पैकी ५०. कसबी माणूस दरवर्षी जिंकतोच असं मात्र नाही. हे फार महत्त्वाचं आहे, आणि बहुतेकांच्या मनात इथेच गफलत असते. बाजार इतका गजबजलेला, इतका लहरी आहे की उत्तम निर्णय घेणारासुद्धा एखाद्या वर्षी सपशेल आपटतो. म्हणून कसबी माणसाची जिंकण्याची शक्यता दरवर्षी ६० टक्के धरू. या धंद्यात साठ टक्के म्हणजे फार झाले.

पाच वर्षं जाऊ द्या. सलग पाचही वर्षं जिंकलेले किती उरले? नाणंवाल्यांतून ९५० पैकी दरवर्षी निम्मे गळत गेले. शेवटी जवळजवळ ३० उरले. कसबी ५० पैकी दरवर्षी साठ टक्के टिकले, तर शेवटी चार उरले. म्हणजे ‘पाच वर्षं सलग अव्वल’ असा फलक मिरवणारे ३४ जण आपल्यापुढे उभे आहेत आणि त्यातले खरे कसबी फक्त चार. शेकड्यात मांडलं तर साडेअकराच्या आसपास. पाच वर्षांपूर्वी डोळे मिटून कुणाही मॅनेजरवर बोट ठेवलं असतं तर तो कसबी असण्याची शक्यता पाच टक्के होती. पाच घवघवीत वर्षांनंतर ती झाली साडेअकरा. वाढली, दुपटीहून जास्त वाढली. पण पाच वर्षांच्या परताव्याचा तक्ता पाहून एसआयपी सुरू करणाऱ्याच्या मनात जी खात्री असते, तिच्या आसपासही ही शक्यता फिरकत नाही.

हीच आकडेमोड वर्षागणिक करायची तर आणखी सोपी रीत आहे. सुरुवातीला कसबी आणि नाणंवाले यांचं प्रमाण एकास एकोणीस. प्रत्येक जिंकलेल्या वर्षी डावीकडच्या आकड्याला १.२ ने गुणायचं, कारण ६० ला ५० ने भागलं की १.२ येतात: हे यश कसबी माणसाकडून येणं किती पटीने सोपं होतं, याचं ते माप. पहिल्या वर्षानंतर १.२ ला १९. दुसऱ्यानंतर १.४४ ला १९. पाचव्यानंतर २.४९ ला १९, म्हणजे तेच साडेअकरा टक्के. नव्या वर्षाची बातमी आली की जुन्या उत्तराला एकदा गुणायचं आणि पुढे निघायचं. मागचं काहीही पुन्हा उपसावं लागत नाही, कारण आजवरचा सगळा इतिहास त्या एका प्रमाणात मुरलेला असतो.

आता मिलरकडे येऊ. १.२ ला स्वतःशी पंधरा वेळा गुणलं की १५.४ येतात. प्रमाण झालं १५.४ ला १९. टक्क्यांत ४५.

मला हा आकडा दर वेळी थांबवतो. ३२,७६८ मध्ये एकदा घडणारी गोष्ट डोळ्यांसमोर घडली आणि तरीही ती घडवणारा माणूस कसबी असण्याची शक्यता निम्म्याहून कमी! कारण शोधायला गेलं की चक्रावून टाकणारी गोष्ट हाती लागते. घटना किती दुर्मीळ आहे याला या हिशोबात वजनच नाही. कसबी माणसालासुद्धा सलग पंधरा वेळा जिंकणं दुर्मीळच आहे. साठ टक्क्यांच्या हिशोबाने ती शक्यता २,१०० त एकाहूनही थोडी कमी पडते. त्याच्यासाठीही तो चमत्कार, नशिबाच्या भरवशावर असलेल्यासाठी जास्त मोठा चमत्कार. या दोन चमत्कारांचं गुणोत्तर १५.४ आहे आणि पुरावा म्हणून आपल्या हाती पडतं ते एवढंच. समोर एकोणीसपट गर्दी उभी होती. पंधरा वर्षं झटूनही ती तूट भरून निघाली नाही.

मग शंकेखोरांच्या त्या हजारो मॅनेजरांचं काय झालं? ते कुठे गेले? कुठेच नाही, ते त्या १९ मध्ये आहेत. गर्दी हजाराऐवजी दहा लाखांची घेऊन बघा. ५०,००० कसबींतून पंधरा वर्षांची मालिका सुमारे २३ किंवा २४ जणांना साधेल आणि साडेनऊ लाख नाणंवाल्यांतून २९ जणांना. उत्तर तेच, ४५ टक्के. एकूण मॅनेजर किती यावर मालिका दिसणार की नाही हे ठरतं. मालिका दिसल्यावर ती कसबी माणसाची असण्याची शक्यता मात्र त्यांच्यातल्या प्रमाणावर ठरते. चाहते आणि शंकेखोर दोघंही गर्दीच्या आकारावर भांडत राहिले आणि गर्दीच्या रचनेकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

म्हणजे सगळा भार येऊन पडला सुरुवातीच्या त्या पाच टक्क्यांवर, आणि ते मी तर ‘तात्पुरते’ म्हणून घेतले होते. ते खरे किती असावेत? याचा शोध घेणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. बारास, स्काये आणि वर्मर्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ ते २००६ या काळातले दोन हजारांवर अमेरिकन फंड तपासले आणि निव्वळ योगायोगाने चमकलेले बाजूला काढून, खर्च वजा जाता बाजारापेक्षा खरोखर जास्त देणारे किती उरतात ते अजमावलं. १९९० पर्यंतचा काळ धरला तर असे फंड १४.४ टक्के होते. २००६ पर्यंतचा धरला तर ०.६ टक्के. पंधरा-सोळा वर्षांत गंगाजळी आटल्यासारखी!

आता हे दोन आकडे मिलरच्या मालिकेच्या दोन टोकांशी ठेवून बघा. या अभ्यासातली ‘कसबी’ची व्याख्या माझ्या साठ टक्क्यांशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पुढचं उत्तर अंदाजाने घ्यायचं. मालिका सुरू होताना जो गुंतवणूकदार १४.४ टक्क्यांवर विश्वास ठेवून निघाला, त्याच्या हिशोबाने पंधरा वर्षांनंतर मिलर कसबी असण्याची शक्यता ७२ टक्के. जो ०.६ टक्क्यांवरून निघाला, त्याच्या हिशोबाने साडेआठ टक्के. माणूस एकच, वर्षं तीच, गुणाकार तोच. एकाला तो बहुधा कसबी वाटतो, दुसऱ्याला बहुधा नशीबवान, आणि दोघांच्या तर्कात एक रेघही चुकलेली नाही. पंधरा वर्षांचा वार्षिक निकाल हा इतका तुटपुंजा पुरावा आहे की तो सुरुवातीचा मतभेद पुसू शकत नाही. तो पुसण्याइतका पुरावा गोळा व्हायला मॅनेजरची कारकीर्द पुरत नाही, आणि बऱ्याचदा गुंतवणूकदाराचं आयुष्यही.

दुसरी कळ आहे साठ टक्क्यांत. कसबी माणूस ६० नव्हे, ७० टक्के वेळा जिंकतो असं धरलं तर प्रत्येक यशाचा गुणक १.२ वरून १.४ होतो. फरक दिसायला किरकोळ, पण हा गुणक पंधरा वेळा गुणला की १५६ च्या जवळ जातो, आणि पाच टक्क्यांपासून निघूनही उत्तर ८९ टक्क्यांवर पोहोचतं. किंवा नाणंच खोटं धरा: फंडाचा खर्च सोसल्यावर कसब नसलेल्या मॅनेजरची जिंकण्याची शक्यता ५० नसून ४० असेल, तर कसबीचे साठच ठेवूनही उत्तर ९६ च्या घरात जातं. कुणी तुमच्यापुढे कसबाची नेमकी टक्केवारी ठेवली तर आधी हे दोन आकडे विचारावेत: कसबी किती वेळा जिंकतो असं धरलं, आणि बिनकसबी किती वेळा? ते न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे मनात धरलेलीच गोष्ट दशांश चिन्ह लावून परत आलेली असते.

आणि ‘जिंकणं’ म्हणजे तरी काय? इथे खुद्द मिलर आपल्या चाहत्यांपेक्षा जास्त प्रामाणिक होते. ही मालिका म्हणजे कॅलेंडरचा अपघात आहे, वर्ष डिसेंबरऐवजी दुसऱ्या महिन्यात संपत असतं तर ती दिसलीही नसती, हे ते स्वतः सांगत असत. त्या पंधरा वर्षांत असे बारा-बारा महिन्यांचे पट्टे होते ज्यात ते निर्देशांकाच्या मागे होते. ते पट्टे ३१ डिसेंबरला संपले नाहीत, एवढंच. गर्दीचा आक्षेप बेझच्या हिशोबात आपोआप मुरतो, हा आक्षेप मात्र मुरत नाही. आधी निकाल पाहायचा, मग तो शोभून दिसेल अशी चौकट निवडायची, आणि मग त्या चौकटीतल्या यशांना १.२ ने गुणत बसायचं, हे चालत नाही. कारण तेव्हा ‘नशीबवान माणसाकडून हे घडण्याची शक्यता’ ५० टक्के राहत नाही. चौकटी सरकवण्याची मुभा मिळाली की ती चढते आणि गुणक १.२ वरून खाली येतो. पंधरा वर्षांची मोजणी १९९१ पासून का सुरू होते, हाही त्याच जातीचा प्रश्न. मिलर १९८२ पासून त्या फंडावर सहकारी मॅनेजर होते, पण ती वर्षं या हिशोबाच्या वहीत नाहीत.

शिवाय अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने जिंकलेलं २००५ आणि दणक्यात जिंकलेलं एखादं वर्ष, दोन्हींना या वहीत १.२ च मिळतात. हा दोष किती महागात पडतो ते पुढच्या तीन वर्षांनी दाखवलं.

२००६ मध्ये व्हॅल्यू ट्रस्ट ६ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि निर्देशांक १५.८. मालिका तुटली. हरलेल्या वर्षाचा गुणक काय? कसबी माणूस ४० टक्के वेळा हरतो, नाणंवाला ५०, म्हणून ०.८. पंचेचाळीस टक्क्यांचे झाले ३९. २००७ मध्ये निर्देशांक साडेपाच टक्के वर आणि फंड तोट्यात. पुन्हा ०.८, झाले ३४. मग आलं २००८. घरकर्जांच्या संकटात कोसळणाऱ्या वित्तीय कंपन्यांचे शेअर मिलर स्वस्त समजून उचलत राहिले. निर्देशांक ३७ टक्के पडला, व्हॅल्यू ट्रस्ट ५५ टक्के. १०० चे निर्देशांकात ६३ उरले आणि मिलरकडे ४५. आपल्या वहीत मात्र पुन्हा तेच ०.८ आणि शक्यता २९ टक्के. हरणं किती मोठं होतं याची तिथे नोंदच नाही.

ती नोंद घ्यायची तर जिंकला-हरला सोडून फरकच मापावा लागतो. समजा कसबी मॅनेजर निर्देशांकापेक्षा सरासरी २ टक्के जास्त देतो, बिनकसबी शून्य, आणि दोघांचेही निकाल त्या सरासरीच्या आजूबाजूला वर्षाला १० टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने हेलकावतात. मग १८ टक्क्यांनी मागे पडलेल्या वर्षाचा गुणक ०.८ ऐवजी ०.६८ होतो. आणि हेलकावे १० ऐवजी ६ टक्क्यांचे धरले तर ०.३५. विचित्र वाटतं, पण रास्त आहे. नेहमी निर्देशांकाला चिकटून चालणारा माणूस एका वर्षी १८ टक्क्यांनी घसरला तर ते बोलकं असतं. मिलरसारखा मोजक्या शेअरांवर मोठे डाव लावणारा घसरला तर तितकं बोलकं नसतं. मात्र याच कारणाने त्यांची नव्वदच्या दशकातली मोठमोठी यशंही तितकी बोलकी राहत नाहीत. डाव जितका मोठा, तितकं त्याच्या निकालातून माणसाबद्दल कळणारं थोडं.

एवढं करूनही या वहीत एक गोष्ट गृहीतच राहते: कसब असलं की त्यातून मिळणारा जास्तीचा परतावाही डोळ्यांच्या रंगासारखा कायमचा. जोनाथन बर्क आणि रिचर्ड ग्रीन यांनी २००४ साली याच्या मुळाशी घाव घातला. त्यांच्या मांडणीत गुंतवणूकदारही बेझच्याच रीतीने शिकत असतात. फंड जिंकला की कसबावरचा विश्वास वाढतो आणि पैसा आत येतो. पैसा वाढला की चांगल्या, छोट्या संधी पुरत नाहीत. खरेदी करायला गेलं की भावच चढतो. आणि जास्तीचा परतावा झिजत झिजत शून्याशी येतो. मॅनेजर तितकाच कसबी राहतो, त्याची फीही वाढते, पण नव्याने आत आलेल्याला बाजारापेक्षा जास्त काही मिळत नाही. म्हणजे ‘हा कसबी असण्याची शक्यता ४५ टक्के’ आणि ‘पुढच्या वर्षी माझे पैसे निर्देशांकापेक्षा जास्त वाढतील’ या दोन वाक्यांत अख्ख्या बाजाराचं अंतर आहे. मिलरच्या फंडात भरभराटीच्या काळात अब्जावधी डॉलर आले. त्यातल्या उशिरा आलेल्यांनी ती गाजलेली पंधरा वर्षं फक्त वाचली होती, त्यांच्या वाट्याला आली ती २००६ नंतरची.

२००९ मध्ये फंडाने उसळी मारून निर्देशांकाला ठळकपणे हरवलं. वहीत २९ चे ३३ झाले. २०१० आणि २०११ मध्ये तो पुन्हा मागे पडला. एप्रिल २०१२ मध्ये मिलर फंडाच्या कारभारातून बाजूला झाले. १९९१ पासूनची एकवीस वर्षं, सोळा यशं, पाच अपयशं. क्रम कसाही लावा, गुणाकार तोच येतो. सुरुवातीच्या पाच टक्क्यांचे शेवटी झाले २४. वर्तमानपत्रांनी तोवर त्यांना आधी जादूगार आणि मग बुडालेला ठरवून टाकलं होतं. या वहीने त्यांना कधी ४५ च्या वर नेलं नव्हतं, आणि आता, सगळे निघून गेल्यावरही, ती त्यांना कुणाही अनोळखी मॅनेजरपेक्षा जवळजवळ पाचपट भरवसा द्यायला तयार होती.